लांब धागा, तलम सूत आणि एक विरलेली चादर

महोदय,

कालच्या अंकातील कापडखरेदीविषयीच्या लेखात ‘लांब धाग्याच्या कापसाचे कापड मऊ असते आणि सूत जितके तलम तितके ते मजबूत’ असे एका दमात लिहिले आहे. यातले पहिले विधान अर्धवट आणि दुसरे चुकीचे आहे. सूतगिरणीच्या चाचणी प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढल्यामुळे हे वाचून मला स्वस्थ बसवले नाही.

गोंधळ ‘धागा’ या शब्दापासूनच सुरू होतो. कापसाच्या व्यवहारात लांब धागा म्हणजे सरकीवरून निघालेल्या एकेका तंतूची लांबी. विणकामाचे सूत नव्हे. भारतीय वर्गवारीत २७.५ ते ३२ मिलिमीटरपर्यंतचा कापूस ‘लांब’ आणि ३२.५ पासून पुढचा ‘अतिरिक्त लांब’ गणला जातो. म्हणजे २८ मिलिमीटरच्या कापसालाही हे नाव बिनदिक्कत लावता येते, आणि ग्राहकाच्या मनात मात्र ३५ मिलिमीटरचा कापूस असतो.

मी स्वतः ‘लांब धागा, तलम सूत’ असे लेबल पाहून एक चादर घेतली होती. पहिल्या दिवशी ती लोण्यासारखी मऊ होती. आठ-दहा धुण्यांत तो स्पर्श गेला, पाठ टेकते तेथे बारीक गोळ्या धरल्या आणि वर्षभरात घडीवर कापड विरले. रागाच्या भरात मी तिच्या कडेची अडीच मीटर लांबीची चाळीस सुते उसवून काढली आणि सोनाराच्या काट्यासारख्या नाजूक काट्यावर ठेवली. शंभर मीटर सुताचे वजन एक ग्रॅमच्या किंचित खाली भरले, म्हणजे सूत साधारण ६० नंबरचे होते; नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. तलमपणाचा दावा खरा होता. मग एकेका सुताचा पीळ उलगडून, मधल्या भागातले तंतू चिमट्याने काळ्या मखमलीवर सरळ केले आणि पट्टीने मोजले. बहुतेक २० ते २४ मिलिमीटरचे निघाले, कित्येक तर १२ मिलिमीटरच्याही आतले. पिंजताना आणि कातताना काही तंतू तुटतात, ती सूट दिली तरी इतके आखूड तंतू लांब धाग्याच्या, नीट विंचरलेल्या कापसात आढळू नयेत.

त्या चादरीचे असे का झाले, हे लेखात यायला हवे होते. मध्यम जाडीच्या तंतूंचे ६० नंबरचे सूत काढले, तर त्याच्या आडव्या छेदात जेमतेम साठेक तंतू बसतात. त्यांना एकत्र धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे त्यांच्यातले घर्षण. तंतू लांब असेल तर तो शेजाऱ्यांना बऱ्याच अंतरापर्यंत धरून राहतो, त्यामुळे कमी पिळावर भागते, आणि कमी पिळाचे सूत हाताला मऊ लागते. तंतू आखूड असतील तर ते निसटू नयेत म्हणून पीळ वाढवावा लागतो, आणि जास्त पिळाचे सूत कडक होते. शिवाय आखूड तंतू म्हणजे तेवढ्याच सुतात जास्त टोके. ही टोके बाहेर डोकावतात आणि घासली गेली की त्यांच्याच गोळ्या होतात. माझ्या चादरीचा सुरुवातीचा मऊपणा कापसाचा नव्हताच, तो कापडावर शेवटी दिलेल्या मऊपणाच्या रसायनाचा होता आणि धुण्याबरोबर निघून गेला, असे माझे मत आहे. म्हणून लांबी स्वतः मऊपणा देत नाही; कातणाऱ्याला पीळ कमी ठेवण्याची मुभा देते. त्याने ती घेतली नाही, किंवा तंतूच जाडेभरडे असले, तर लांब कापसाचे कापडही खरखरीतच लागते.

आता मजबुतीविषयी. एकाच नंबरची दोन सुते घेतली तर लांब तंतूंचे सूत अधिक ताण सोसते, हे निर्विवाद आहे. पण सूत ४० नंबरवरून ८० नंबरवर नेले की छेदातले तंतू निम्मे होतात, आणि कापूस उत्तम असला तरी ते एकेरी सूत ४० नंबरच्या चांगल्या सुताआधी तुटते. तलम सुतासाठी लांब आणि बारीक तंतू लागतात, म्हणून या दोन गोष्टी बाजारात जोडीने दिसतात. त्यावरून तलम म्हणजे मजबूत असा अर्थ काढणे ही उलटी वाट आहे. रोज धुतल्या जाणाऱ्या चादरीसाठी मी आज ४० नंबरचे, विंचरलेल्या कापसाचे एकेरी सूत निवडीन.

त्याच लेखाच्या चौकटीत एका चौरस इंचातील सुतांची संख्या हीच दर्जाची खूण म्हणून छापली आहे. दुपदरी सुताचे दोन्ही पदर वेगळे मोजले की ३०० चा आकडा ६०० होतो आणि कापड आहे तेच राहते. चौकटीत याचा उल्लेख नाही. लेखातील दुसऱ्या विधानाबरोबर या चौकटीचीही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सूतपरीक्षक