आधी चेहरा, मग काम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. चौकशीच्या खिडकीवर बसवल्यामुळे तू किती वैतागलायस ते ओळीओळीत दिसतंय. तुझ्या बाकीच्या तक्रारींना सवडीने उत्तर देईन. पण शेवटी तू सहज लिहून गेलास ना, की एक बाई आल्या होत्या, त्यांना ऐकू येत नव्हतं, तू ओरडून ओरडून दमलास आणि त्या काही न विचारता निघून गेल्या, त्यावर आधी लिहितो. हाच घोळ मीही घातला होता, तोही तुझ्यापेक्षा जास्त.

माझ्यासमोर एक गृहस्थ आले होते, साधारण पन्नाशीचे. मी आधीच्या माणसाची नोंद पूर्ण करत होतो, म्हणून मान वर न करताच "बोला" म्हणालो. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग त्यांनी कानाशी बोट नेऊन हात हलवला. एवढं स्पष्ट सांगितल्यावर मी काय करावं? आवाज चढवला! रांगेतली माणसं वळून बघायला लागली, तेवढाच त्याचा परिणाम. त्यांच्या हातात अर्ज होता, म्हणजे तो जमा करायचा असणार असं मी परस्पर ठरवलं आणि चार नंबरची खिडकी दाखवली. त्यांनी मान डोलावली. पाऊण तासाने तिथली रांग लावून ते परत आले. अर्ज कधीच जमा झाला होता, हातात होती ती त्याची प्रत. त्यात जन्मतारीख चुकली होती, ती दुरुस्त करायची होती. आणि ते काम माझ्याच खिडकीचं होतं.

मदत करायला मी तयारच होतो रे. घाई तिथेच झाली. आमचं बोलणं सुरू झालंय की नाही हे न बघताच मी मदत करून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या खेपेला मी हातातलं काम बाजूला सारलं आणि त्यांच्याकडे पूर्ण वळलो. तरी ते डोळे बारीक करून बघत होते. मग लक्षात आलं की माझ्या पाठीमागे मोठी खिडकी आहे आणि दुपारचं ऊन आत येतंय. त्यांना माझा चेहरा म्हणजे नुसती काळी आकृती दिसत असणार. पडदा ओढला, डोक्यावरचा दिवा लावला. तू एक कर. सुट्टीच्या वेळी काचेच्या पलीकडे जाऊन उभा राहा आणि तुझ्या खुर्चीत कोणाला तरी बसव. त्याचे ओठ दिसतात का बघ. काचेवर चमक येते का, मध्येच एखादी सूचना चिकटवलीय का, तेही दिसेल. आमच्याकडे वेळापत्रकाचा कागद नेमका तोंडासमोर होता.

मग हसून मान लववली, त्यांनीही लववली. वही त्यांच्याकडे फिरवून लिहिलं, "नमस्कार. कसं बोलूया?" आणि आळीपाळीने ओठांकडे, पेनाकडे आणि हातांकडे बोट केलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग पेनावर, आणि हवेत आकडे काढून दाखवले. म्हणजे बोला सावकाश, पण आकडे लिहा. झालं, एवढं कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही. दुसरं कोणी फक्त लिहायला सांगेल, कोणी खुणांची भाषा वापरेल, कोणी श्रवणयंत्र दाखवून जवळ यायला सांगेल. ते त्यांनी ठरवायचं, आपण अंदाज बांधायचा नाही.

आकड्यांचं त्यांना नेमकं ठाऊक होतं. आरशासमोर आवाज न काढता "सात" म्हण आणि मग "साठ" म्हण. ओठ सांगतील काही वेगळं? "पारा", "बारा", "मारा" हे तिन्ही दिसायला सारखेच, कारण प, ब, म या तिन्हींना ओठ एकाच तऱ्हेने मिटतात. क, ख, ग तर घशाजवळच होतात, बाहेर काही दिसतच नाही. ओठ वाचणारा माणूस अर्धंअधिक संदर्भाने जुळवत असतो, म्हणून आधी विषय कळू दे. "जन्मतारीख" हे लिहून त्याखाली रेघ मार, मग त्याबद्दल बोल. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं आणि होते तेवढे आकारही बिघडतात. श्रवणयंत्र असलं तरी ओरडण्याने आवाज फक्त मोठा होतो, स्पष्ट होत नाही. एकेक अक्षर तोडून बोलणंही तितकंच वाईट. नेहमीचं बोलणं, जरा सावकाश, वाक्य पुरं करून. एखादं वाक्य दोनदा कळलं नाही तर तेच तिसऱ्यांदा म्हणू नकोस, शब्द बदल. (आणि तुझ्या त्या मिशा! निदान वरच्या ओठावरच्या तरी कातर.)

मला अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त वेळ लागला तो वेगळ्याच गोष्टीला. आपण लिहितो आणि लिहिता लिहिता बोलतो. समोरच्याने बघायचं कुठे, कागदाकडे की तोंडाकडे? डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असतात. म्हणून लिहिताना गप्प बसायचं, वाचू द्यायचं, त्यांनी मान वर केली की मगच बोलायचं. संगणकात बघायचं असेल तर आधी पडद्याकडे बोट करून हाताने "थांबा" सांगायचं. नाहीतर तू तोंड फिरवलंस की त्यांच्या दृष्टीने तू वाक्य अर्ध्यावर सोडून उठून गेलास. त्यांचं लक्ष दुसरीकडे असेल तर नजरेच्या टप्प्यात हात हलव किंवा टेबलावर हलकेच थाप मार, थरथर कळते. मागून खांद्यावर हात टाकू नकोस, माणूस दचकतो.

लिहिताना कार्यालयी मराठी नको. "उपरोक्त बाबीची पूर्तता करावी" हे मलाही कळत नाही! जन्मापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्या कित्येकांना लिखित मराठी ही दुसरी भाषा असते, आणि खुणांच्या भाषेचं व्याकरण निराळं असतं. त्यांनी लिहिलेल्या वाक्याची मोडतोड बघून अकलेचा अंदाज करू नकोस. मी लिहिलं होतं, "चुकीची तारीख कोणती? बरोबर कोणती?" त्यांनी प्रतीवरच्या तारखेला गोल केला आणि शेजारी बरोबर तारीख लिहिली. महिना आणि दिवस यांची अदलाबदल झाली होती, बस्स.

आता त्या मान डोलावण्याचं. न कळलेला माणूसही मान डोलावतो, कारण तोपर्यंत त्याला शरमल्यासारखं झालेलं असतं आणि मागे रांग असते. म्हणून "कळलं ना?" विचारण्यात अर्थ नाही, त्याला "हो" हेच उत्तर येतं. मी "पुन्हा कधी याल?" असं लिहून वही पुढे केली. त्यांनी दहा लिहिलं, मी सोळा तारखेला बोलावलं होतं! पाहिलं तर माझाच सहा शून्यासारखा निघाला होता. शेपूट नीट काढून दिली. जाताना तो कागद फाडून त्यांच्याच हाती दिला. वहीत तो राहिला असता तर पुढच्या माणसाने त्यांची जन्मतारीख वाचली असती.

सोबत कोणी आलं असेल तर तुझी मान आपोआप त्याच्याकडे वळेल, माझी अजून वळते. "यांना काय हवंय?" असं सोबत्याला विचारू नकोस. प्रश्न त्यांच्याकडे बघूनच विचार, सोबत्याने काय सांगायचं ते सांगू दे.

गुंतागुंतीच्या कामाला मात्र ही वही पुरत नाही. सही करण्याआधी पानभर अटी समजावायच्या असतील तर खुणांच्या भाषेचा दुभाषा लागतो. तिथे हातवाऱ्यांवर वेळ मारून नेऊ नकोस, वेळ ठरवून बोलाव.

त्या बाई परत येतील का, सांगता येत नाही. आल्या तर त्यांचं काम काय होतं ते मला कळव. आणि काचेपलीकडून बघितल्यावर तुझ्या खुर्चीवर अंधार निघाला की उजेड, तेही.

तुझाच,
जुना खिडकीवाला

ता. क. वहीसाठी जाड टोकाचं पेन घे. बारीक पेनाचं लिहिलेलं काचेतून दिसत नाही, आणि आपण दोघेही वही उचलून काचेला चिकटवत बसतो.