थाई मेन्यू मराठीत करताना: मंदारला पत्र

प्रिय मंदार,

थाई रेस्टॉरंटचा मेन्यू मराठीत करायचं काम तू घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पण तू पाठवलेला इंग्रजी मेन्यू समोर ठेवून थेट लिहायला बसू नकोस. आधी स्वयंपाकघरात जा आणि प्रत्येक पदार्थात काय काय पडतं ते शेफकडून लिहून घे. आत जाणाऱ्या तयार सॉसच्या आणि वाटणाच्या बाटल्यांवरची लेबलंही वाच. इंग्रजी वर्णन गिऱ्हाइकाला भूक लागावी म्हणून लिहिलेलं असतं, त्यात निम्मे घटक गाळलेले असतात. ॲलर्जी नेमकी त्या गाळलेल्या घटकांची असते.

एकच पदार्थ नीट धरू, म्हणजे बाकीचे आपोआप सुटतील. तुझ्या यादीत सोम ताम आहे. इंग्रजीत त्याखाली फक्त ‘मसालेदार पपई सॅलड’ अशा अर्थाची ओळ आहे. मराठीत ‘पपईचं सॅलड’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पिकलेली पपई येते. इथे पपई कच्ची असते, लांब किसलेली. लसूण, मिरच्या, चवळीच्या शेंगा, टोमॅटो, लिंबू, ताडगूळ आणि फिश सॉस यांच्याबरोबर ती उखळात हलकी ठेचतात. त्यात भाजलेले शेंगदाणे असतात आणि सुकी कोळंबी, म्हणजे आपल्याकडचे सोडेच. नाव ‘सोम ताम’च ठेव, कारण गिऱ्हाईक आणि वेटर दोघांना तेच म्हणायचं आहे. मात्र पूर्ण मेन्यूत त्याचं एकच लेखन हवं. एका पानावर ‘सोम ताम’ आणि दुसऱ्यावर ‘सॉम टम’ झालं की ते दोन पदार्थ वाटतात. नावाखाली असं लिहिता येईल:

सोम ताम
कच्च्या पपईची आंबट, गोड, तिखट कोशिंबीर. चवळीच्या शेंगा, टोमॅटो, लसूण, लिंबू, ताडगूळ, भाजलेले शेंगदाणे, सुकी कोळंबी आणि फिश सॉस घालून ठेचलेली.
तिखट. मिरच्या कमी करता येतात.
ॲलर्जी: शेंगदाणे, कोळंबी, मासे आहेत.

‘शेंगदाणे काढून द्या’ असं गिऱ्हाईक सांगेल तेव्हा काय, हे शेफला विचार. वरून दाणे न टाकणं सोपं आहे, पण उखळ तेच असेल तर आधीच्या प्लेटचं कूट त्याला चिकटलेलं असतं. वेगळं उखळ नसेल तर ‘शेंगदाण्याशिवाय मिळेल’ हे वाक्य मेन्यूत येताच कामा नये. त्याजागी लिही: ‘एकाच उखळात ठेचतो, शेंगदाण्याचा अंश येऊ शकतो.’ ‘आहे’ आणि ‘अंश येऊ शकतो’ हे दोन प्रकार सगळीकडे वेगळेच ठेव. दोन्हींना मिळून ‘असू शकतो’ म्हटलंस, तर ज्यात दाणे नक्की आहेत तिथेही वाचणारा धोका पत्करेल.

तिखटाचं असंच आहे. इंग्रजीतला ‘स्पायसी’ हा एकच शब्द मिरचीच्या जाळालाही चालतो आणि गरम मसाल्याच्या सुवासालाही. आपल्याकडे तिखट वेगळं, मसालेदार वेगळं. तोम खा हे नारळाच्या दुधातलं सूप गवती चहा आणि थाई आल्याने सुगंधी होतं. त्याला मसालेदार म्हटलंस तर लोक लवंग-दालचिनीची वाट बघतील. ‘सुगंधी, सौम्य तिखट’ पुरेसं आहे. सौम्य, मध्यम, तिखट आणि जहाल अशा चार पायऱ्या ठरव, आणि प्रत्येक पायरीला एका प्लेटमागे किती मिरच्या ते शेफकडून पक्कं करून घे. ‘झणझणीत’ हा शब्द मला आवडतो, पण कोल्हापूरकराचं आणि पुणेकराचं झणझणीत एक नसतं, म्हणून मोजपट्टीत तो नको. पायरीच्या पुढे तिखट कमी करता येतं की नाही तेही हवं. सोम ताम मागणीनंतर ठेचतात, तिथे ते जमतं. ग्रीन करीचं वाटण आधीच तयार असतं, त्यातली मिरची काढता येत नाही. फार तर नारळाचं दूध वाढवता येतं.

त्या करीत आणखी एक गोष्ट दडलेली असते. पारंपरिक वाटणात ‘कापी’ पडते, म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची खारवून आंबवलेली चटणी. वर भाज्या आणि टोफू घातल्याने ती करी शाकाहारी होत नाही. हिरवा ठिपका लावण्याआधी वाटणाचं लेबल बघ आणि फिश सॉसऐवजी काय घालतात ते विचार. सोया सॉस घालत असतील तर सोयाबीन आलंच, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहूही असतो. टोफूला ‘सोयाबीनचं पनीर’ म्हणू नकोस. दुधाची ॲलर्जी असलेला माणूस उगाच घाबरेल. ‘टोफू (सोयाबीनचा)’ असं लिही.

यादीतल्या क्रापाव या पदार्थात पडणारी थाई तुळस वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने आपल्या तुळशीचीच जात आहे. ‘तुळशीतलं चिकन’ हे काही घरांत मनाला लागेल, पण म्हणून घटक लपवायचा नाही. पदार्थाचं नाव ‘पाड क्रापाव’ ठेव आणि वर्णनात ‘थाई तुळशीची पानं’ लिही. भारतात बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी गोड बेझिल वापरतात. तसं असेल तर ‘बेझिल’ लिही.

ॲलर्जीच्या ओळीत समूहवाचक शब्द टाळ. ‘सुकामेवा’ म्हटलं की त्यात मनुका, खजूर येतात आणि शेंगदाणे सुटतात. काजू, बदाम, शेंगदाणे अशी नावंच घे. विदर्भातले लोक येत असतील तर ‘शेंगदाणे (फल्लीदाणे)’ लिहायला हरकत नाही. ‘कवचधारी जलचर’ कुणी वाचणार नाही. कोळंबी, खेकडा, कालवं असं लिही. ऑइस्टर सॉस कालवांचा असतो, हे शाकाहारी नूडल्स लिहिताना विसरू नकोस. ‘गोडेतेल’ कुणासाठी शेंगदाण्याचं, कुणासाठी कुठलंही खाद्यतेल, म्हणून तेलाचं नाव द्यायचं. ‘ग्लूटेनमुक्त’ तर अजिबात नको. तो दावा करायला किलोमागे 20 मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही, आणि मैदा उडणाऱ्या स्वयंपाकघरात त्याची खात्री कोण देणार? ‘गहू घातलेला नाही’ एवढंच म्हण.

मालक म्हणतील की कायद्यातल्या यादीत तीळ नाहीत. लेबलसाठीच्या भारतीय नियमांच्या यादीत खरंच तीळ आणि मोहरी नाहीत, तर युरोपच्या 14 घटकांच्या यादीत दोन्ही आहेत. तिळाची ॲलर्जी असलेल्या माणसाला कायद्याचा काय उपयोग? तिळाचं तेल जिथे पडतं तिथे लिहून टाक.

मजकूर झाला की तू स्वतः तपासू नकोस. वेटरला एकेक नोंद मोठ्याने वाचायला सांग आणि शेफला घटक ऐकून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू दे. ज्या शब्दावर वेटर अडखळेल तो बदल, आणि शेफ जिथे क्षणभर थांबेल तिथे पुन्हा लेबल बघ. छापताना ॲलर्जीची ओळ वर्णनाच्याच आकाराच्या अक्षरांत हवी. पान भरतंय म्हणून ती तळाशी बारीक टाकू देऊ नकोस. खाली तारीखही घाल, कारण सॉसची कंपनी बदलली की ती ओळही बदलू शकते. करी आणि नूडल्सची पानं झाली की मला पाठव, शेफने दिलेल्या घटकांच्या कागदासकट.

तुझा,
श्रीधर