दोन फोनांच्या मधला वेळ

महोदय,

शहरात गेलेली मुले रोज व्हिडिओ कॉल करतात, म्हणून गावातले आईवडील आता एकटे उरलेले नाहीत, हा आपल्या रविवारच्या लेखातील निष्कर्ष मला मान्य नाही. बोलणे रोज होते हे खरे. पण धोका असतो तो दोन फोनांच्या मधल्या वेळात.

रक्तदाबाची गोळी घेणारी म्हातारी आई रात्री लघवीला उठते. एकदम उभी राहिल्याने रक्तदाब उतरतो, भोवळ येते, ती पडते. हाड मोडलेले नसते, तरी पायांत ताकद नसल्याने उठता येत नाही. तासाभराहून जास्त वेळ असे पडून राहिले, की अंगाखाली दबलेल्या स्नायूंना इजा होऊ लागते, तिचा भार मूत्रपिंडांवर येतो, अंगातले पाणी कमी होते. अनेकदा पडण्यापेक्षा हे पडून राहणेच जिवावर बेतते. मुलाचा फोन मात्र संध्याकाळी येणार. शिवाय आधी आलेल्या भोवळीबद्दल ती त्याला सांगणारही नाही. त्याने काम टाकून धावत यावे, हे तिला नको असते.

म्हणून शेजारच्या एका घराशी आधीच ठरवून ठेवावे: सकाळी नेहमीच्या वेळी दार उघडले नाही, तर हाक मारायची. दुसरी किल्ली त्यांच्याकडे द्यावी आणि रात्री आतून कडीऐवजी बाहेरूनही उघडेल असे कुलूप लावावे. नाहीतर शेजारी दाराशीच अडकतील. जिथे शेजारीही थकलेलेच उरले आहेत, तिथे ही सकाळची फेरी गावच्या आरोग्यसेवेच्या कामात धरली गेली पाहिजे.

– एक वाचक