40 अधिक 20 म्हणजे 52

प्रति,
मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात लक्ष्मी रोडवर कापडाच्या दुकानात दिवाणजी होतो. बत्तीस वर्षं गल्ल्यामागे बसलो, त्यामुळे सेलची पाटी दिसली की रंगाआधी आकडा वाचायची खोड आहे. गेल्या महिन्यात नातवाला शर्ट घ्यायला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका दुकानाची नाही. पाटीवर होतं : ‘40% + 20%’. दुसऱ्या आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘कूपनवर’.

शर्टाची छापील किंमत 1,800 रुपये. नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याने उभ्या उभ्या सांगितलं, “साठ टक्के गेले आजोबा, 720 होतील.” गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, “काका, 864.” मागे रांग होती, नातू लाजला, मी पैसे दिले.

हिशेब मुलीचाच बरोबर होता. 1,800 वर 40 टक्के म्हणजे 720 रुपये सुटले, राहिले 1,080. कूपनचे 20 टक्के या 1,080 वर लागतात, 1,800 वर नाही. म्हणजे 216 रुपये. 1,080 मधून ते गेले की 864. एकूण सूट 936 रुपयांची, शेकडा 52. नातवाने धरलेले आठ टक्के कुठे गेले? जे 720 रुपये आधीच सुटले होते, त्यांच्यावरही त्याने पुन्हा 20 टक्के मागितले. ते झाले 144 रुपये, आणि 864 व 720 मध्ये तेवढाच फरक आहे. सुटलेल्या रकमेवर दुकानदार पुन्हा सूट कशी देईल? आम्ही दुकानात पोरांना हे उलट बाजूने शिकवायचो. किती सुटले ते बघू नका, किती द्यायचे ते बघा. शंभरातले साठ द्यायचे, मग त्या साठातले ऐंशी टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस. 1,800 चे 48 टक्के, 864. आधी कूपन लावून मग सूट धरली तरी उत्तर हेच येतं.

मग माझी तक्रार कशाची? त्या अधिकच्या चिन्हाची. शाळेत अधिक म्हणजे बेरीज शिकवतात आणि पाटीवर तेच चिन्ह ‘त्यानंतर’ या अर्थाने येतं. खोटं काही लिहिलेलं नाही, फक्त वाचणाऱ्याने साठ वाचावं अशी सोय केलेली आहे.

कूपन टक्क्यांऐवजी ठराविक रुपयांचं असलं की घोळ वाढतो, कारण तिथे क्रम बदलला की उत्तरही बदलतं. समजा 200 रुपयांचं कूपन आहे. आधी 40 टक्के वजा केले तर 1,080, त्यातून 200 गेले की 880. पण आधी 200 वजा केले तर 1,600, त्यावर 40 टक्के सूट, म्हणजे 960. तोच शर्ट, तेच कूपन आणि 80 रुपयांचा फरक. टक्क्यांची सूट आधी लागली तर कूपनचे पूर्ण 200 मिळतात. नंतर लागली तर त्यातले 40 टक्के सूटच खाते. कोणता क्रम धरला हे अनेकदा पाटीवर लिहिलेलंच नसतं.

कूपनमागची बारीक अक्षरं वेगळीच. ‘जास्तीत जास्त 150 रुपये’ असं असेल, तर आमच्या शर्टावरचे 216 पूर्ण मिळत नाहीत आणि 930 मोजावे लागतात. वीस टक्क्यांचं कूपन मग चौदा टक्क्यांचंही राहत नाही. ‘किमान खरेदी 1,500’ असेल, तर ते छापील 1,800 वर बघतात की उतरलेल्या 1,080 वर? बहुतेक गिऱ्हाइकांना हे गल्ल्यावर पोचल्यावरच कळतं, आणि तिथवर पोचलेला माणूस शर्ट परत ठेवत नाही, हे मी बत्तीस वर्षं पाहिलंय.

पाकिटावर छापील किंमत सगळ्या करांसह लिहावी लागते, ती बघायला आपल्या वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक आहेत. त्याच धर्तीवर एवढंच मागतो : दोन सवलती एकाच पाटीवर असतील, तर एकूण सूट तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहायला लावावी. रुपयांचं किंवा कमाल मर्यादेचं कूपन असेल, तर एका वस्तूचा हिशेब करून दाखवावा. आणि पावतीवर सूट व कूपन वेगळ्या ओळींत, प्रत्येक ओळ कोणत्या रकमेवर काढली त्या आकड्यासह यावी. आमच्या पावतीवर नुसतं ‘सवलत 936’ होतं. ते 936 कुठून आले हे नातवाला समजावायला मला पावतीची पाठ वापरावी लागली.

पाटीचा नमुना देतो, छपाईला फार जागा लागणार नाही :

छापील किंमत 1,800. सूट 40 टक्के, उरलेल्या रकमेवर कूपन 20 टक्के. द्यायचे 864. एकूण सूट 52 टक्के.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
सदाशिव पेठ, पुणे