सहकारमंत्र्यांना खुले पत्र : शिल्लक जुळत नाही, कपात मात्र वेळेवर

मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सादर नमस्कार.

मी जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक असून एका परिचिताच्या कर्जाला जामीन राहिलो आहे. कर्जदार परागंदा झाला, पतसंस्थेने कलम 101 खाली वसुली दाखला मिळवला आणि या महिन्यापासून माझ्या पगारातून कपात सुरू झाली. ज्या बँक स्टेटमेंटच्या भरवशावर कर्ज मंजूर झाले, ती पीडीएफ मी सुनावणीच्या वेळी मागून घेतली.

त्यातली एप्रिलची नोंद पाहावी. आधीची शिल्लक 6,214.50, पगार जमा 58,500 आणि त्याच ओळीत नवी शिल्लक 34,714.50. ती 64,714.50 असायला हवी होती. फरक बरोबर 30,000 चा आहे, म्हणजे 28,500 मधल्या दोनाचा पाच केलेला आहे. मे महिन्यात कारागीर जरा सावध झाला. 3,180 मध्ये 58,500 मिळवून त्याने शिल्लकही 61,680 केली. पण पुढच्याच ओळीत एटीएममधून 2,000 काढल्यावर उरतात 29,680! एक रक्कम बदलली की खालची प्रत्येक शिल्लक बदलावी लागते, आणि एवढे कष्ट घेण्याची त्याला गरजच भासली नसावी, कारण तपासणारे कोण आहेत हे तो जाणून होता. माझे चौथीचे विद्यार्थी ही वजाबाकी तोंडी करतात.

पान स्क्रीनवर 400 टक्के मोठे केले, तर तो पाच शेजारच्या अंकांहून किंचित जाड दिसतो. पीडीएफमध्ये बहुधा फॉन्टची वापरलेली अक्षरेच साठवलेली असतात, त्यामुळे नवा अंक टाकताना अनेकदा दुसराच फॉन्ट येऊन बसतो. रकमा उजवीकडून जुळवलेल्या असल्याने दशांशचिन्हे एकाखाली एक येतात. बदललेल्या रकमांची तेवढी उजवीकडे सरकली आहेत. पतसंस्थेने मात्र या फाइलची छपाई करून, वर ‘पडताळले’ असा शिक्का मारून समाधान मानले. छापील कागदावर फॉन्ट तपासणार तरी कसा?

शंभरातल्या नव्वद पतसंस्थांत हेच चालत असणार, असे मी बेधडक म्हणतो. खोटे असेल तर आपल्या खात्याने आकडे जाहीर करावेत. संचालक, व्यवस्थापक, लेखापरीक्षक, सगळ्यांच्या सह्या आहेत, आणि वसुली मात्र ज्याचा पगार सरकारी तिजोरीतून होतो त्याच्याकडून! सहकार म्हणजे सह्या त्यांच्या आणि कर माझा, असा अर्थ आपल्या खात्याने लावला आहे काय?

मुरलेला ठक सगळ्या शिलकी जुळवूनही आणील, हे मला कळते. म्हणूनच स्टेटमेंट कर्जदाराच्या हातून घेऊच नये. रिझर्व्ह बँकेच्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्थेत खातेदाराच्या संमतीने माहिती बँकेकडून थेट येते, पण वित्तीय नियामकांच्या कक्षेबाहेरच्या पतसंस्थांना ती खुली नाही. ती खुली होईपर्यंत कर्जदाराच्या बँक शाखेकडून थेट खातरजमा केल्याशिवाय कर्ज मंजूर करू नये, आणि जामीनदाराला सही करण्यापूर्वी ते स्टेटमेंट दाखवावे, असे परिपत्रक आपण काढावे. माझी कपातही या फाइलची चौकशी होईपर्यंत थांबवावी.

आपला,
एक जामीनदार