फाइल नसलेल्या पानाबद्दल ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

चोपडा तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, दहावी-बारावीचे फॉर्म अशी कामं दिवसभर चालतात. लोक मोबाईलमध्ये काय उघडतात आणि कुठे अडकतात, हे मला काउंटरवर बसल्या बसल्या दिसतं. त्यातल्या एका फसवणुकीबद्दल आपल्याला लिहितोय. तिची तक्रार घ्यायला कुणी तयार होत नाही, म्हणून पत्र उघड लिहावं लागतंय.

परीक्षेच्या आधी दहावीतली एक मुलगी वडिलांचा मोबाईल घेऊन दुकानात आली. गणित भाग 2 मधल्या सगळ्या सरावसंचांच्या उत्तरांची पीडीएफ तिला छापून हवी होती. "काका, फाइल सापडली आहे, फक्त उघडत नाही," म्हणाली. पानावर पुस्तकाचं चित्र, फाइलचं नाव, 4.7 एमबी असा आकार आणि हिरवं डाउनलोडचं बटण होतं. बटण दाबलं की 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' असं सांगून पान व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा जणांना पाठवायला लावत होतं. तिने पाठवलं होतं. वडिलांच्या मोबाईलमधल्या केळी भावाच्या ग्रुपवर, भाऊबंदांच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर, सगळीकडे. किती जणांना पाठवलं ते दाखवणारी पानावरची पट्टी भरली, तेव्हा पानाने एक ॲप उतरवून त्यात नाव नोंदवायला सांगितलं. तेही झालं. मग मोबाईल नंबर मागितला, त्यावर ओटीपी आला, तोही तिने टाकला. फाइल मात्र आली नाही. दुसऱ्या दिवशी वडील आले आणि म्हणाले, "भाऊ, मना पैसा कसाले कटी ग्यात?" त्या ओटीपीने त्यांच्या नंबरवर रोज पैसे कापणारी एक सेवा चालू झाली होती. 155223 वर फोन करून ती आम्ही बंद केली. गेलेली रक्कम मोठी नव्हती, पण ग्रुपवरच्या किती जणांनी तेच पान पुढे उघडलं हे आम्हाला कधीच कळणार नाही.

त्या दिवसानंतर असं पान ग्राहकाने आणलं की मी ते नीट तपासून बघतो. तपासणीच्या तीन पद्धती माझ्या हाती लागल्या आहेत. संगणकाचं फारसं ज्ञान नसलेल्या माणसालाही त्या जमतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिली पद्धत शेअरच्या पट्टीची. बटण दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं आणि निरोप आयता टाइप झालेला असतो. तिथे कुणालाही काही न पाठवता नुसतं मागे यायचं. पट्टी तरीही एक घर पुढे सरकते. याचं कारण साधं आहे. ते बटण म्हणजे निव्वळ असा दुवा असतो:

```
whatsapp://send?text=...
```

हा दुवा व्हॉट्सअ‍ॅप उघडून देतो, बाकी काही करत नाही. तुम्ही निरोप पाठवला की नाही, कुणाला पाठवला, हे व्हॉट्सअ‍ॅप त्या पानाला परत सांगत नाही. पान फक्त बटण किती वेळा दाबलं ते मोजतं. म्हणजे पंधरा जणांना पाठवल्याशिवाय फाइल सुटणार नाही, हे वाक्यच खोटं आहे. पानाला ते तपासताच येत नाही. काही न पाठवता पट्टी भरली की तिथेच थांबावं, कारण पुढची पायरीही तसलीच निघते.

दुसरी पद्धत डेटा बंद करण्याची. 'फाइल तयार होत आहे' असं म्हणत टक्क्यांची पट्टी धावायला लागली की वरून पडदा ओढून मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करायचा. खरी फाइल उतरत असेल तर पट्टी जागच्या जागी थांबते. या पानांवर ती इंटरनेट नसतानाही 60, 75, 90 असं करत पुढे जाते, कारण ती फक्त वेळेवर चालणारी हालचाल असते. खालच्या 'मला मिळाली, धन्यवाद' छापाच्या प्रतिक्रियांना उत्तर देऊन पाहावं. त्या पानातच लिहून ठेवलेल्या असल्यामुळे उत्तर कुठे जातच नाही.

तिसरी पद्धत मला सगळ्यात खात्रीची वाटते, पण ती प्रत्येक पानावर चालत नाही. काही पानांच्या पत्त्यात, म्हणजे वरच्या पट्टीत, फाइलचं नाव लिहिलेलं असतं. ते पुसून मी तिथे `vangyache-bharit` असं टाइप केलं. पान पुन्हा उघडलं आणि 'वांग्याचे भरीत' नावाची फाइल सापडली म्हणून सांगू लागलं. आकार तोच, 4.7 एमबी, आणि हिरवं बटणही तेच. मी हे त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना समोर करून दाखवलं, तेव्हा त्यांना पटलं की पानामागे कुठलीच फाइल नव्हती. जे नाव द्याल ते छापून दाखवणारी ती एक पाटी आहे.

फाइल नसताना हा खटाटोप कुणी का करावा, असं आपल्याला वाटेल. या धंद्यात पैसा डाउनलोडवर मिळत नाही, मधल्या कामावर मिळतो. जाहिरातदाराला ॲप उतरवून हवं असतं, नोंदणी हवी असते किंवा मोबाईल नंबर हवे असतात. तो एका जाहिरात नेटवर्कला दर कामामागे ठरलेली रक्कम देतो आणि नेटवर्क त्यातला वाटा पान बनवणाऱ्याला देतं. काम केल्याशिवाय फाइल मिळणार नाही असं दाखवणारं कुलूप लावायची तयार यंत्रणाही नेटवर्कच पुरवतं. पानवाल्याने फक्त लोक काय शोधतायत ते हेरून नाव टाकायचं. परीक्षेच्या दिवसांत उत्तरांचं, भरतीच्या दिवसांत प्रश्नसंचाचं, योजना जाहीर झाली की तिच्या अर्जाचं.

याची तक्रार उभी का राहत नाही, तेही सांगतो. अशाच एका पानाची लिंक घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. तिथल्या साहेबांनी ती आपल्या संगणकावर उघडली आणि समोर एक साधं माहितीचं पान आलं. "यात काय गैर आहे?" असं त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या जागी ते बरोबर होते. ही पानं उघडणारा कुठल्या देशातला आहे, मोबाईलवर आहे की संगणकावर, हे बघून वेगवेगळं दाखवतात. मोबाईलवर दिसणारं कुलूप संगणकावर दिसेलच असं नाही. उद्या तीच लिंक तेच ॲप दाखवेल याचीही खात्री नसते. त्यामुळे लिंक लिहून दिली म्हणजे पुरावा झाला, असं इथे होत नाही. पान उघडल्यापासून ॲप उतरेपर्यंतचं मोबाईलच्या पडद्याचं रेकॉर्डिंग लागतं.

या रेकॉर्डिंगमध्ये आपल्या विभागाच्या कामाची एक गोष्ट सापडते. बटण दाबल्यावर आणि ॲपचं पान उघडण्याआधी वरच्या पट्टीत क्षणभर एक लांब पत्ता चमकून जातो. रेकॉर्डिंग थांबवून तो वाचता येतो. त्याचा आकार साधारण असा असतो (संकेतस्थळाचं नाव आणि आकडे मी बदलले आहेत):

```
https://example.com/click?offer_id=118&aff_id=2047
```

यातला पहिला आकडा जाहिरातीचा आणि दुसरा पानवाल्याचा असतो. पानवाल्याचे पैसे याच आकड्यावर जमा होतात. संकेतस्थळ कुणाच्या नावावर आहे ते शोधायला गेलं की नाव झाकलेलं असतं, आणि बंद पाडलं तरी दुसऱ्या नावाने आठवड्यात उघडतं. पण पैसे देणारा लपलेला नसतो. शेवटी जे ॲप उतरतं त्याला नाव असतं, कंपनी असते, अनेकदा भारतातला पत्ताही असतो. आजवर सगळे पानाच्या मागे लागले, आणि पान हातातून निसटलं. शोध दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे जाहिरातदारापासून सुरू करायला हवा.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फसवणारी पानांची रचना, रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13 प्रकार आहेत आणि सक्तीची कृती हा त्यातला एक. हवी ती गोष्ट मिळवण्यासाठी ग्राहकाला भलत्याच सेवेची नोंदणी करायला किंवा स्वतःची माहिती द्यायला भाग पाडणं त्यात बसतं. ही तत्त्वं भारतात वस्तू-सेवा देणाऱ्या प्लॅटफॉर्मना लागू आहेत, तशी जाहिरातदारांनाही आहेत.

एक काळजी मात्र घ्यावी लागेल. नंबर किंवा ओटीपी मागणारं प्रत्येक पान खोटं, असं लोकांना सांगून चालणार नाही. डिजिलॉकर ओटीपी मागतं. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला 15 रुपये लागतात. एखादा लेखक ईमेल घेऊन आपली पुस्तिका पाठवतो, तेही तो आधी सांगतो आणि पुस्तिका खरंच येते. मी माझ्या ग्राहकांना एवढंच विचारायला सांगतो, की मागितलेली गोष्ट ती फाइल देण्यासाठी लागते का? सातबारा दाखवायला गट नंबर लागतो. गणिताचं पुस्तक द्यायला पंधरा नातेवाईक लागत नाहीत, लोन देणारं ॲपही लागत नाही.

त्या मुलीचं काम दहा मिनिटांत झालं. बालभारतीचं गणित भाग 2 `ebalbharati.in` वर फुकट आहे. ना नोंदणी, ना शेअर. ज्या उत्तरांसाठी तिने ते पान सगळ्या ग्रुपवर पाठवलं, त्यांची उत्तरसूची त्याच पुस्तकाच्या शेवटी छापलेली आहे. मी तेवढीच पानं काढून दिली.

आपल्याकडे मागणं दोन गोष्टींचं आहे. जिल्हा पातळीवर ग्राहक तक्रार घेताना मोबाईलच्या पडद्याचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून स्वीकारावं आणि ते कसं करायचं हे मराठीत लिहून द्यावं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि पैसे गेले असल्यास 1930 वर काय सांगायचं, हेही त्याच कागदावर असावं. तो कागद परीक्षेच्या आधी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शाळांत आणि माझ्यासारख्यांच्या दुकानांत लागावा. दुसरं, अशा तक्रारींमधले जाहिरातदार ॲप आणि त्यांचे आकडे एकत्र करून आपल्या विभागाने ते केंद्रीय प्राधिकरणाकडे पाठवावेत. एका माणसाच्या 45 रुपयांची केस उभी राहत नाही. एकच `offer_id` शंभर तक्रारींत सापडला, तर ती उभी राहील.

माझ्याकडे अशा सात पानांची रेकॉर्डिंग तारखेसकट आहेत. त्यातल्या तीन पानांच्या शेवटी एकच ॲप उतरतं. ज्यांच्या मोबाईलवर ती केली, त्यांची परवानगी मी घेतली आहे. आपल्या विभागाचा माणूस चोपड्याला आला तर पेनड्राइव्ह त्याच्या हातात देईन, आणि समोर बसून प्रत्येक पायरी दाखवीन.

आपला,
एक झेरॉक्स दुकानदार
चोपडा, जि. जळगाव