अकरावीत आधी कान तयार व्हावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी माध्यमातून दहावी करून विज्ञान शाखेत आलेली मुले पहिल्या सहामाहीत गप्प होतात, हे मुंबईतील कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना मी दरवर्षी पाहते. पालक तातडीने इंग्रजी संभाषणाच्या क्लासची फी भरतात. पण खरी अडचण बहुधा ऐकण्याची असते. बालभारतीच्या मराठी विज्ञान पुस्तकात ‘अपवर्तन’सारख्या शब्दापुढे इंग्रजी संज्ञाही छापलेली असते, म्हणजे ‘रिफ्रॅक्शन’ मुलांनी वाचलेले असते, पण भर व्याख्यानात ऐकलेले नसते. तो शब्द ओळखेपर्यंत पुढची दोन वाक्ये निसटतात आणि विषयच आपल्याला झेपत नाही, असे मुलाला वाटू लागते. वही पाहिली की फरक कळतो: वाक्ये अर्धवट तुटलेली असतील, तर अडचण ऐकण्याची, टिपणे पूर्ण असूनही गणिते चुकत असतील, तर संकल्पनेची.

लालबागहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी दहावीच्या विज्ञानाची इंग्रजी आवृत्ती मिळवायला सांगितले. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि प्रकरणे मराठीतल्याच क्रमाने आहेत. माहीत असलेला धडा इंग्रजीत मोठ्याने वाचायचा आणि आदल्या संध्याकाळी उद्याच्या पाठातील पाच-सहा संज्ञा एखाद्या वर्गमित्राकडून उच्चारून घ्यायच्या, एवढेच तिने नेमाने केले. दिवाळीपर्यंत तिच्या टिपणांतील रिकाम्या जागा बऱ्याच भरल्या. उत्तरे इंग्रजीत लिहिण्याचा वेग मात्र यातून आपोआप येत नाही. त्याचा सराव वेगळा करावा लागतो.

गटात बोलण्याची भीती निराळी. प्रात्यक्षिकात ही मुले उपकरण सफाईने हाताळतात, पण निष्कर्ष मांडण्याचे काम नेहमी दुसऱ्याकडे जाते आणि मौखिक परीक्षेत ती अडखळतात. या विद्यार्थिनीला स्क्रू गेजच्या प्रयोगात मी सुरुवातीचाच भाग बोलायला दिला: स्क्रूची एक पूर्ण फेरी म्हणजे १ मिलिमीटर, वर्तुळाकार पट्टीवर १०० भाग, म्हणून लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. वाक्ये तीनच, आकडे तिने स्वतः काढलेले. त्यामुळे कोणी उलट विचारले, तरी तिला उत्तर देता आले. पुढच्या प्रयोगात शून्य त्रुटी समजावून सांगण्याचे काम तिने आपणहून मागितले. चर्चेच्या शेवटी बोलायचे ठरवले, तर आधीच्यांनी सगळे सांगून टाकलेले असते आणि धीर आणखी खचतो, म्हणून सुरुवातीचा भाग.

महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक नवी संज्ञा उच्चारताना ती फळ्यावर लिहावी आणि गटात निष्कर्ष मांडण्याची पाळी दर प्रयोगाला बदलून तशी नोंद जर्नलमध्ये ठेवावी. त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

आपली नम्र,
एक शिक्षिका, दादर, मुंबई